शब्दचर्चा : ‘जादा वजनातली घट’ म्हणजे नक्की कशातली?

मेधा : आईची लठ्ठपणावरची शस्त्रक्रिया होऊन दीड वर्ष झालं. उंची १६० सेंटिमीटर, शस्त्रक्रियेच्या दिवशी वजन १२० किलो, आता ९२. रिपोर्टवर ‘एक्सेस वेट लॉस ५० टक्के’ लिहिलंय. अहो, निम्मं वजन कुठे गेलंय? मराठीत याला काय म्हणायचं?

विनायक : ‘अतिरिक्त वजनातली घट’. जे अंगावर असायला नको तेवढ्याचाच हिशेब. आकडा जितका मोठा तितकी शस्त्रक्रिया चांगली झाली.

सुलभाताई : विनायक, पहिलं बरोबर. पण ‘असायला नको’ हे ठरवलं कुणी, खरी गोम तिथे आहे. बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा. सध्या बहुधा बीएमआय २५ ही रेघ धरतात. मेधा, १.६ मीटरचा वर्ग करून २५ ने गुणलं की ६४ किलो येतात. १२० मधून ६४ गेले, ५६ किलो जादा. त्यातले २८ उतरले, म्हणून ५० टक्के. पूर्वी ६४ च्या जागी मेट्रोपॉलिटन लाइफ या अमेरिकी विमा कंपनीच्या १९८३ च्या तक्त्यातलं वजन घेत. आशियाई लोकांसाठी काही जण २३ धरतात. मग ‘योग्य’ वजन ५९ च्या आसपास येतं आणि तीच आई ४६ टक्क्यांवर जाते.

मेधा : बाप रे! ५० च्या वर म्हणजे यशस्वी, असं आम्हाला सांगितलं होतं.

सुलभाताई : म्हणूनच रेघ कोणती ते विचारून घ्यायचं. आईचं वजन दोन्ही हिशेबांत ९२ च आहे.

प्रकाश : माझं वजन शस्त्रक्रियेआधीच्या आहारात सहा किलो उतरलं होतं. ते धरायचं का?

सुलभाताई : काही जण पहिल्या भेटीचं वजन धरतात, काही शस्त्रक्रियेच्या दिवशीचं. मेधाची आई आधी १२६ किलो असती, तर ६२ पैकी ३४, म्हणजे ५५ टक्के झाले असते. मला विचाराल तर दोन्ही वजनं लिहून ठेवावीत. आणि विनायक, तुझं दुसरं वाक्य मला मान्य नाही. याच उंचीची ९६ किलोची बाई पाव वजन घटवून ७२ वर आली, तर ३२ पैकी २४, ७५ टक्के. १६० किलोची बाईही पाव वजन घटवून १२० वर आली, तर ९६ पैकी ४०, जेमतेम ४२ टक्के. दुसरीचे चाळीस किलो उतरले, तरी कागदावर तीच मागे. म्हणून आता बरेच जण एकूण वजनातली घटही देतात. आईची ती साधारण २३ टक्के.

विनायक : हे ध्यानात नव्हतं आलं. पण शब्द ‘अतिरिक्त’च बरा ना? ‘जादा’ बोलीतला वाटतो.

सुलभाताई : मला ‘जादा’च आवडतो, पेशंटला लगेच कळतो. फक्त पुढे ‘बीएमआय २५ च्या वरचं’ एवढं जोडावं.

विनायक : मग शब्दाचं वाक्य होतं, ताई.