मदत हवी आहे: मीटिंग रूममधला वायरलेस डोंगल पाहुण्यांच्या मॅक आणि आयफोनला दिसतच नाही

प्रश्नकर्ता_०७:
मंडळी, आमच्या मीटिंग रूममधल्या टीव्हीला एचडीएमआयवर स्क्रीन शेअरचा डोंगल लावलाय, मीराकास्ट एअरप्ले आणि गूगल कास्ट तिन्ही चालणारा. स्टाफचं सगळं मस्त चालतं. पण बाहेरून क्लायंट आले की त्यांना आम्ही गेस्ट वायफाय देतो आणि तिथून मॅक किंवा आयफोनवर डोंगलचं नावच येत नाही, मग परत केबल शोधा, अॅडॉप्टर शोधा, लोक नुसते बसून राहतात. डोंगल ऑफिसच्या नेटवर्कवर आहे, त्याचा अॅड्रेस 192.168.10.40, आणि गेस्टवाल्यांना 192.168.20 वाले अॅड्रेस मिळतात. पाहुण्यांना ऑफिसचा पासवर्ड द्यायचा नाहीये. काय करावं?

वायरमुक्त:
सोपं आहे, डोंगल गेस्ट वायफायवर टाका आणि राउटरमध्ये क्लायंट आयसोलेशन बंद करा, लगेच दिसेल.

रात्रपाळी:
माझा पण डोंगल त्रास देतोय, व्हिडिओ लावला की आवाज मागे राहतो आणि मधेच आपोआप रीस्टार्ट होतो. कुणाला माहितीये का?

जुना_नेटवर्कवाला:
@रात्रपाळी, आधी बघा डोंगलला पॉवर टीव्हीच्या यूएसबीतून दिलीय का. बऱ्याच टीव्हींचा तो पोर्ट अर्धा अँपिअरच देतो, डोंगलला कमी पडतो. सोबतचा चार्जर भिंतीत लावा, रीस्टार्ट थांबला तर कारण तेच. आवाजासाठी वेगळा धागा काढा.

@प्रश्नकर्ता_०७, एक सांगा, गेस्टवर असलेल्या विंडोज लॅपटॉपला `Win+K` दाबल्यावर डोंगल दिसतो का?

प्रश्नकर्ता_०७:
हो की! विंडोजवाल्यांना दिसतो आणि बहुतेकांचा चालतो पण. म्हणूनच तर डोकं चालेना.

जुना_नेटवर्कवाला:
मग डोंगल ठीक आहे, अडचण तुमच्या नेटवर्कच्या भिंतीची आहे. मीराकास्ट सहसा लॅपटॉप आणि डोंगलमध्ये थेट वायफाय जोडणी करतं, तुमचा राउटर मधे येतच नाही, त्यामुळे कोण कुठल्या नेटवर्कवर आहे याने फरक पडत नाही. एअरप्ले आणि कास्टचं तसं नाही, तिथे फोन आधी आपल्याच नेटवर्कमध्ये "कोणी स्क्रीन आहे का" अशी हाक मारतो. या हाकेला एमडीएनएस म्हणतात, 224.0.0.251 वर 5353 पोर्टने जाते, आणि ती राउटर ओलांडून पलीकडे जात नाही. 20 मधली हाक 10 मधल्या डोंगलला ऐकूच येत नाही.

वायरमुक्त म्हणतात त्याने डोंगल दिसेल हे खरंय, पण आयसोलेशन काढलं की एका क्लायंटचा लॅपटॉप दुसऱ्या क्लायंटच्या लॅपटॉपपर्यंत पोचू शकतो, मी तरी ते करणार नाही. त्यापेक्षा डोंगल तिसऱ्या वेगळ्या व्हीलॅनमध्ये टाका, अॅड्रेस राउटरमध्ये पक्का करून ठेवा, मग राउटरचा एमडीएनएस रिपीटर गेस्ट, ऑफिस आणि डोंगल या तिघांत चालू करा. आयसोलेशन राहू दे, ते एकाच वायफायवरच्या दोघांना अडवतं, इथे ट्रॅफिक राउटरमधून वळून जातंय.

आता गंमत अशी की नाव दिसायला लागेल पण जोडणी होणार नाही, कारण गेस्टमधून आतल्या अॅड्रेसवर जायला फायरवॉलची बंदी असते. म्हणून त्या बंदीच्या वर एक नियम: गेस्टमधून फक्त डोंगलच्या अॅड्रेसला परवानगी. आणि उलटाही द्या, एअरप्लेत डोंगल स्वतःहून पाहुण्याच्या फोनला पॅकेट पाठवतो, तो रस्ता बंद असला तर जोडणी अर्धवट होऊन सुटते. डोंगलमधून ऑफिसच्या बाकी मशीनकडे मात्र काही जाऊ देऊ नका. आणि स्क्रीनवरचा पिन चालू ठेवा, नाहीतर बाजूच्या खोलीतला माणूस चुकून तुमच्या टीव्हीवर येईल.

वायरमुक्त:
दोन पाहुण्यांचं एकमेकांना दिसणं माझ्या लक्षात नव्हतं आलं, बरोबर. पण घरगुती राउटरमध्ये व्हीलॅन नसतं ना, मग?

जुना_नेटवर्कवाला:
मग नेटवर्क विसरा आणि यूएसबी-सी बटणवाला ट्रान्समीटर घ्या. पाहुण्याने लॅपटॉपमध्ये खोचायचं, तो थेट टीव्हीमागच्या रिसीव्हरशी बोलतो. फक्त त्या लॅपटॉपच्या यूएसबी-सीमधून व्हिडिओ निघतो का ते बघावं लागतं, काही पोर्ट नुसते चार्जिंग आणि डेटाचे असतात, मग स्क्रीन काळीच राहते.

प्रश्नकर्ता_०७:
केलं! नाव लगेच आलं, जोडणी नव्हती होत, उलटा नियम टाकल्यावर आयफोन आणि मॅक दोन्ही चालले. मनापासून आभार. एकच राहिलं, एका क्लायंटचा कंपनीचा विंडोज लॅपटॉप डोंगल दाखवतो, पिन विचारतो आणि मग `Couldn't connect`.

जुना_नेटवर्कवाला:
त्यांना ही कमांड चालवायला सांगा:

```
netsh wlan show drivers
```

खाली `Wireless Display Supported: Yes` आलं तर वायफाय आणि ग्राफिक्स ड्रायव्हर ठीक, मग संशय त्यांच्या कंपनीच्या फायरवॉल किंवा पॉलिसीवर, ते तुमच्या हातात नाही. व्हीपीएन चालू असेल तर बंद करून एकदा बघायला सांगा.

प्रश्नकर्ता_०७:
`Yes` आहे. व्हीपीएन त्यांना बंदच करता येत नाही म्हणे. अशा लॅपटॉपसाठी कुणी काही केलंय का? तोवर टेबलावर एक एचडीएमआय केबल ठेवतोय.