मदत हवी आहे: हॉगवर्ट्स लेगसीमध्ये चित्र स्वच्छ करायचंय, ग्रेन बंद केला तरी दाणे दिसतात आणि कोपरे काळेच राहतात

निळीशाई

नमस्कार. हॉगवर्ट्स लेगसी पीसीवर खेळते आहे. आरटीएक्स ३०६० कार्ड, २४ इंची १०८० पी मॉनिटर. मला चष्मा आहे आणि तासाभराने डोळे दुखायला लागतात. म्हणून पडद्यावर मुद्दाम घातलेला धुरकटपणा जेवढा काढता येईल तेवढा काढायचाय.

ग्राफिक्सच्या मेन्यूत फिल्म ग्रेन, क्रोमॅटिक अ‍ॅबरेशन, डेप्थ ऑफ फील्ड आणि मोशन ब्लर, चारही बंद केले. कडेच्या वस्तूंना जी लाल-निळी झालर दिसायची ती लगेच गेली. पण दोन गोष्टी उरल्या आहेत. पडद्याचे चारही कोपरे काळसर दिसतात आणि त्याचा पर्याय मेन्यूत कुठेच सापडत नाही. आणि वाड्याच्या आत, अंधाऱ्या खोल्यांत, अजूनही बारीक दाणे वळवळताना दिसतात. ग्रेन बंद आहे हे मी तीनदा तपासलं.

मोबाइलवरून पडद्याचे दोन फोटो काढून जोडले आहेत. कुणी सांगाल का?

जुना_कॅमेरावाला

ताई, कोपरे काळे पडतात ते लेन्समुळे. छिद्र पूर्ण उघडं असलं की असं होतं. दोन स्टॉप बंद करून बघा, बरंचसं जाईल. दाणे आयएसओ जास्त ठेवल्यामुळे येतात, अंधारात तर येणारच. कॅमेरा कोणता आहे?

निळीशाई

काका, मी फोटोंबद्दल विचारत नाहीये. गेममध्येच तसं दिसतं, म्हणजे मॉनिटरवर.

जुना_कॅमेरावाला

अच्छा, माझी वाचण्यात चूक झाली. पण मग एक कळलं नाही. गेममध्ये लेन्सच नाही, तर लेन्सचे दोष कशाला? आम्ही ते घालवायला आयुष्यभर पैसे खर्च केले.

घाटपायथा

काका, तो सिनेमाचा आभास आहे. कॅमेऱ्यातून बघतोय असं वाटावं म्हणून चित्र पूर्ण तयार झाल्यावर त्यावर हे थर चढवतात.

निळीशाई, सोपं आहे. हा गेम अनरिअल इंजिनवर आहे. `Win+R` दाबून हे टाका: `%LOCALAPPDATA%\Hogwarts Legacy\Saved\Config\WindowsNoEditor`. तिथली `Engine.ini` नोटपॅडमध्ये उघडा आणि अगदी शेवटी हे चिकटवा:

```
[SystemSettings]
r.Tonemapper.Quality=0
r.Tonemapper.GrainQuantization=0
r.SceneColorFringeQuality=0
r.DepthOfFieldQuality=0
r.FilmGrain=0
```

मी प्रत्येक अनरिअल गेममध्ये हेच टाकतो. सगळं एका फटक्यात जातं.

निळीशाई

केलं, पण काहीच फरक पडला नाही. कोपरे तसेच.

कातळशिल्प

फोल्डरमध्ये आता `Engine.ini` एकच आहे की दोन? विंडोजमध्ये फाइलच्या नावाची शेपटी लपलेली असेल तर नोटपॅड बऱ्याचदा `Engine.ini.txt` अशी वेगळीच फाइल सेव्ह करतो आणि गेम ती वाचत नाही. एक्सप्लोररमध्ये फाइल नेम एक्स्टेंशन्स दाखवायला लावा म्हणजे कळेल.

आणि मोबाइलवरचे फोटो बाजूला ठेवू या. मोबाइलचा कॅमेरा स्वतःच कोपरे काळे करतो आणि अंधारात दाणे घालतो, त्यामुळे त्यात गेमचं काय आणि फोनचं काय हे ठरवता येत नाही. स्क्रीनशॉट घ्या, पीएनजीमध्ये.

निळीशाई

दोनच होत्या! दुरुस्त केलं. आता कोपरे स्वच्छ झाले, इतका फरक पडेल असं वाटलं नव्हतं.

पण नवीन त्रास सुरू झाला. संध्याकाळच्या आकाशात पट्टे दिसतायत, एकावर एक कागद ठेवल्यासारखे. संवाद चालू असताना मागची झाडं, माणसं एकदम ठळक दिसतात, कधी एखादी वस्तू मागे अचानक उगवते. आणि खोल्यांतले दाणे जागच्या जागी आहेत.

कातळशिल्प

हे तिन्ही सुटे सुटे घेऊ, कारण त्यांची कारणं वेगवेगळी आहेत.

आकाशातले पट्टे `r.Tonemapper.GrainQuantization=0` मुळे आले. नावात ग्रेन आहे म्हणून ती ओळ सगळीकडे फिल्म ग्रेन घालवायला सांगितली जाते, पण तिचं काम वेगळं आहे. मॉनिटरला प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या मिळतात. आकाशासारख्या हळूहळू बदलणाऱ्या रंगाला त्या कमी पडतात, म्हणून इंजिन प्रत्येक ठिपक्यात अगदी किंचित फरक मिसळतं. तो डोळ्याला दिसत नाही, पण पायऱ्या विरघळतात. तुम्ही तो बंद केलात म्हणून पायऱ्या उघड्या पडल्या. ती ओळ काढून टाका.

कोपरे पहिल्या ओळीमुळे गेले. `r.Tonemapper.Quality` ला ० ते ५ अशा पातळ्या आहेत आणि प्रत्येक पातळीला एकेक गोष्ट वाढत जाते. कोपरे काळे करणारं व्हिनेट २ पासून सुरू होतं, ग्रेन ४ पासून. म्हणजे १ ठेवलं की दोन्ही बंद. शून्यावर जायची गरज नाही, कारण तिथे इंजिन आणखीही काही गोष्टी सोडून देतं.

`r.FilmGrain` ही ओळ अनरिअल ५ ची आहे. हा गेम ४ वर आहे, त्यामुळे ती नुसती पडून राहते. इंजिन चूकही दाखवत नाही, म्हणून लोकांना वाटतं लागू झाली.

झालर तर तुम्ही मेन्यूतूनच घालवली आहे. तेव्हा तुमच्या फाइलमध्ये एवढंच पुरे:

```
[SystemSettings]
r.Tonemapper.Quality=1
```

घाटपायथा

माझ्याकडे कधी पट्टे दिसले नाहीत.

कातळशिल्प

तुम्ही कुठले गेम खेळता त्यावर आहे. भरपूर झाडी, दगड, बारीक नक्षी असेल तर पायऱ्या लपतात. धुकं, संध्याकाळ, मशालीच्या उजेडातली कोरी भिंत आली की दिसतात. एकदा मुद्दाम तसं दृश्य गाठून बघा.

घाटपायथा

बघितलं. आहेत. इतके दिवस मॉनिटरला दोष देत होतो. ती ओळ मीही काढली.

अर्धीभाकर

मध्येच विचारतो, माफ करा. एल्डन रिंगमध्येही कोपऱ्यांना रंगीत झालर आणि काळेपणा आहे, मेन्यूत पर्याय नाही. मी भावाबरोबर ऑनलाइन खेळतो. हीच फाइल तिथे बनवली तर चालेल का?

कातळशिल्प

नाही. तो अनरिअलवर नाही, त्याला ही फाइल कळणारच नाही. तिथे मॉड वापरून हे दोष घालवतात, पण त्यासाठी इझी अँटी-चीट बंद करून गेम ऑफलाइन सुरू करावा लागतो. तसं ऑनलाइन जायचा प्रयत्न करू नका, खात्यावर बंदी येऊ शकते. भावाबरोबर खेळायचं असेल तर मला सुरक्षित उपाय माहीत नाही.

अर्धीभाकर

मग रीशेड?

कातळशिल्प

रीशेड तयार चित्रावर बसतो. तो कोपरे उजळ करू शकेल, पण काळ्यात बुडालेला तपशील परत आणू शकत नाही, आणि फाकलेले रंग पुन्हा नीट एकत्र करणं त्याला जमत नाही. शिवाय ऑनलाइनचा प्रश्न तिथेही उरतोच.

निळीशाई

एकच ओळ ठेवली. पट्टे गेले, कोपरे स्वच्छच राहिले. मोजूनही बघितलं: बर्फाच्या उतारासमोर उभं राहून आधीचा आणि आताचा असे दोन स्क्रीनशॉट घेतले आणि पेंटमध्ये रंग तपासले. आधी मधल्या भागात २१२ आणि कोपऱ्यात १६६ होतं, आता दोन्हीकडे २१० च्या आसपास आहे. इतका उजेड रोज वाया जात होता.

संवादांतली झाडंही पुन्हा पुसट झाली, म्हणजे ते डेप्थ ऑफ फील्डच्या ओळीमुळे होतं. पण मेन्यूत तर ते बंदच आहे?

कातळशिल्प

हिंडताना मागचं दृश्य पुसट करणं वेगळं, संवादाच्या दृश्यात कॅमेरा लावणाऱ्याने ठरवलेला फोकस वेगळा. मेन्यूतलं बटण दोन्हीला लागू होईलच असं नाही. फाइलमधली ओळ मात्र सरसकट तोडते. आणि मागे पुसट राहील हे गृहीत धरून बनवणारे तिथे कमी तपशिलाच्या वस्तू ठेवतात, त्या मग उघड्या पडतात. माझं मत: संवादांपुरतं ते राहू द्यावं.

घाटपायथा

मला पटत नाही. माझे डोळे मला हवं तिथे बघतात, पडद्याने का ठरवावं? वस्तू उगवताना दिसल्या तरी चालतील, मी बंदच ठेवणार.

निळीशाई

मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण मागे सगळं ठळक असलं की बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून नजर सारखी निसटते, त्यानेही थकायला होतं. सध्या राहू देते. आता दाणे?

कातळशिल्प

एक करा. अंधाऱ्या खोलीत पात्र स्थिर उभं करा, कॅमेरा हलवू नका, पाच सेकंदांच्या अंतराने दोन स्क्रीनशॉट घ्या आणि आलटून पालटून बघा. फिल्म ग्रेन असेल तर छत, भिंत, कपडे, सगळीकडे सारखाच बदल दिसेल, कारण तो काचेवर धूळ बसावी तसा पूर्ण चित्रावर बसतो. फक्त काही जागीच वळवळ असेल तर तो ग्रेन नाही. रे ट्रेसिंग चालू आहे का? आणि डीएलएसएस कुठे ठेवलंय?

निळीशाई

रे ट्रेसिंगचे प्रतिबिंब आणि सावल्या दोन्ही चालू, डीएलएसएस क्वालिटीवर. स्क्रीनशॉट बघितले. छत शांत आहे. वळवळ आहे ती चकचकीत फरशीतल्या प्रतिबिंबात, खुर्च्यांखालच्या सावलीत, आणि पात्राच्या केसांत.

कातळशिल्प

मग ग्रेन खरोखरच बंद आहे. रे ट्रेसिंगमध्ये प्रत्येक ठिपक्याला मोजकेच किरण मिळतात, त्यातून आलेलं खरखरीत चित्र गाळून गुळगुळीत करतात. अंधारात गाळायला माहिती कमी पडते. त्यात १०८० पी वर डीएलएसएस क्वालिटी म्हणजे मूळ चित्र १२८० × ७२० चंच बनतं, किरणही तेवढेच कमी. आधी प्रतिबिंब बंद करून बघा, मग सावल्या. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही.

निळीशाई

प्रतिबिंब बंद केल्यावर फरशी शांत झाली. सावल्या बंद केल्यावर खुर्च्यांखालचंही गेलं, शिवाय गेम जास्त सुरळीत चालतो. काल अडीच तास खेळले आणि डोळे दुखले नाहीत.

केस मात्र तसेच आहेत. डीएलएसएस काढून पूर्ण १०८० पी वर खेळलं तरी टोकांना ठिपके दिसतात, पात्र वळलं की जास्त.

कातळशिल्प

केस अर्धपारदर्शक दाखवायला ठिपक्यांची जाळी वापरतात आणि मागच्या काही फ्रेम मिसळून ती पुसतात. हालचाल झाली की पुसणं मागे पडतं. जाळी स्वतः बंद करता येत नाही. माझ्याकडे १४४० पी वर ती बारीक दिसते, पण दिसते.

घाटपायथा

शार्पनिंग किती आहे? माझ्याकडे ते कमी केल्यावर केस बरे दिसले होते. अर्थात तो गेम वेगळा होता.

निळीशाई

अर्ध्याच्या वर आहे. रात्री शून्यावर आणून बघते आणि इथेच लिहिते. तोवर कुणाला केसांवर दुसरा काही उपाय सापडला असेल तर सांगा.