सोफा घेताना शोरूममध्ये काय तपासायचं? (रत्नागिरी, बजेट ३५ हजार)

पोफळी: थ्री सीटर बघितलाय. दुकानदार म्हणतो सालचं लाकूड, ४० डेन्सिटी फोम. खरं-खोटं कसं ओळखायचं? घरात सासूबाई आहेत, गुडघे दुखतात.

बंदरकर: ३५ मध्ये काय येतं हल्ली! आम्ही ८० चा सागवानी घेतला, नातवंडं उड्या मारतात तरी हूं नाही की चूं नाही.

चिपळूणकर७: सागवान राहू दे, भुशाच्या बोर्डाचा तेवढा घेऊ नका. २०२१ च्या पुरात आमचा फुगून पुरीसारखा झाला.

बंदरकर: पुरात सगळंच जातं हो.

चिपळूणकर७: शेजाऱ्यांचा लाकडी वाळवून अजून वापरात आहे.

रंधा: कुडाळात सोफे बांधतो, म्हणून सांगतो. पुढचा एक पाय सहा इंच उचला. तोवर पुढचा दुसरा पायही जमीन सोडायला हवा. तो खालीच राहिला तर फ्रेम पिळतेय. मग सोफा उलटा करायला लावा आणि खालच्या काळ्या कापडाचा कोपरा सोडवून आत बघा. कोपऱ्यांत तिकोनी ठोकळे स्क्रूने बसवलेले हवेत. नुसत्या पिना असतील तर आपल्या दमट हवेत गंजतात, मग कुरकूर सुरू.

गौरीताई: फोमचं सोपं आहे, दाबून बघायचा. कडक म्हणजे डेन्सिटी जास्त.

रंधा: नाही ताई, तिथेच फसगत होते. हलका फोमही कडक करून मिळतो. दुकानात छान वाटतो, वर्ष-दोन वर्षांत खड्डा पडतो. चेन उघडून नुसता फोम काढा आणि मासळीच्या ताणकाट्याला लावा. २४ बाय २४ बाय ५ इंचाची गादी ४० ची असेल तर पावणेदोन किलोच्या वर, १ किलो ९०० च्या आसपास भरते. ३२ ची दीड किलो.

मिऱ्यावरचा: सोफा कम बेड घ्या, पाहुणे आले की बरा पडतो.

गौरीताई: त्यांनी बेड विचारलाय का? पोफळी, सासूबाईंना दुकानात न्या. पाठ टेकवून बसवा. गादीची कड आणि पोटरी यांच्यात दोन-तीन बोटं जागा राहायला हवी. माझ्या आईला आमच्या सोफ्यात पाठ टेकली की पाय लोंबकळतात, मागे लोड ठेवावा लागतो.

बंदरकर: सागवानीला हे प्रश्नच येत नाहीत.

पोफळी: जाऊन आले. पाय लगेच उचलला गेला, ठोकळेही आहेत. गादी मात्र १ किलो ३५० भरली! रंधादादांच्या हिशेबाने २८ च. दुकानदार म्हणाला, "काटा खोटा असेल." बैठक आतून २४ इंच खोल, सासूबाईंना पाठच टेकेना. तरी घेतला, ३१ हजारांत. ह्यांना पसरायला तसाच हवा होता. फोम खचला की बदलून घेऊ. सासूबाई म्हणाल्या, "माझी वेताची खुर्ची हलवू नका म्हणजे झालं."

रंधा: निदान बिलावर डेन्सिटी लिहून घेतलीत ना?