मदत हवी आहे: निकाराग्वा निकालावर अमेरिकेला मत देता आलंच कसं?

सावनी_के
एलएलएमच्या सेमिनारसाठी वाचतेय आणि एका जागी अडलेय. २७ जून १९८६ ला हेगच्या न्यायालयाने सांगितलं की काँट्रा बंडखोरांना शस्त्रं पुरवणं आणि निकाराग्वाच्या बंदरांजवळ सुरुंग पेरणं बेकायदा आहे. अमेरिकेने ते थांबवावं, भरपाई द्यावी. अमेरिकेने ऐकलं नाही म्हणून निकाराग्वा सुरक्षा परिषदेत गेला. ३१ जुलैला ११ मतं बाजूने, ३ तटस्थ, अमेरिका विरोधात, ठराव पडला. पण सनदेचं कलम २७(३) तर सांगतं की वादातल्या पक्षाने मतदान करू नये. मग?

विनय७१
कायम सदस्यांना नकाराधिकार आहेच. शिवाय निकाल राबवायचा तर आधी शांततेला धोका आहे असं परिषदेने ठरवावं लागतं.

जुना_वकील
विनय, नकाराधिकाराचं बरोबर, पण धोका ठरवण्याची अट कलम ९४(२) मध्ये नाही. निकाल पाळला गेला नाही तर दुसऱ्या पक्षाने परिषदेकडे जावं आणि परिषदेला गरज वाटली तर तिने शिफारस करावी किंवा उपाय ठरवावेत, एवढंच तिथे आहे. गरज वाटली तर! म्हणजे परिषदेवर सक्ती नाही.
सावनी, २७(३) पूर्ण वाचा. मतदान न करण्याचं बंधन सहाव्या प्रकरणाखालच्या आणि ५२(३) च्या निर्णयांपुरतं आहे. ९४ चौदाव्या प्रकरणात येतं.

मिरजकर
कुलभूषण जाधवांच्या निकालानंतर भारत परिषदेत का गेला नाही? आपल्या सांगलीशी नातं असलेला माणूस आहे, म्हणून विचारतो.

जुना_वकील
तिथे आधी निकाल पाळला नाही हे दाखवावं लागेल. २०१९ च्या निकालाने सुटका सांगितली नव्हती. वकिलातीशी भेट आणि शिक्षेचा परिणामकारक फेरविचार सांगितला होता. पाकिस्तानने दोनदा भेट दिली, २०२१ मध्ये फेरविचाराचा कायदा केला. तो पुरेसा नाही हे भारताचं म्हणणं मला पटतं, पण परिषदेत नेमका त्यावरच वाद होईल. आणि चीनचा नकाराधिकार आहेच.

सावनी_के
आभार सर. पण ठरावात निकाल पाळा एवढंच आवाहन असेल, तर ती शिफारसच झाली ना? मग ती सहाव्या प्रकरणातली धरून अमेरिकेला मतदानापासून रोखता आलं नसतं का?

जुना_वकील
असा युक्तिवाद करणारे अभ्यासक आहेत. मला तो कच्चा वाटतो. ऑक्टोबरमध्ये निकाराग्वाने थेट ९४ चा आधार घेऊन बैठक मागितली, तेव्हा सहाव्या प्रकरणाची वाट आणखी अरुंद झाली. मतं पुन्हा ११-१-३. नोव्हेंबरमध्ये आमसभेने ९४ विरुद्ध ३ मतांनी निकाल पाळण्याचं आवाहन केलं, पण ते बंधनकारक नव्हतं.

विनय७१
भरपाई मिळाली का?

जुना_वकील
नाही. रक्कम ठरायची होती. १९९० मध्ये सरकार बदललं आणि १९९१ मध्ये निकाराग्वाने खटलाच मागे घेतला.

सावनी_के
१९९१ नंतर मूळ निकालाचं बंधन उरलं की संपलं? यावर कुणी काही वाचलंय का?