मुलांच्या ऑनलाइन क्लाससाठी घरात बैठक कशी लावलीत? तुमचे अनुभव सांगा

गोदाकाठ
लेक तिसरीत आहे, उंची १२४ सेंमी. जूनपासून आठवड्यातले चार दिवस संध्याकाळी साडेपाच ते सात गणिताचा ऑनलाइन क्लास असतो. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप आणि नेहमीची खुर्ची, एवढीच मांडणी. पंधरा दिवसांतच मान दुखते म्हणायला लागली. लक्ष ठेवून पाहिलं तर दहा मिनिटांत एक पाय दुमडून त्यावर बसते, मग दुसरा घेते, शेवटी खुर्चीवर गुडघे टेकते. "नीट बस" म्हटलं की दोन मिनिटं बसते आणि परत तेच. रोज ओरडून मलाच वाईट वाटायला लागलंय. तुमच्याकडे खुर्ची, टेबल, पडदा कसं जमवलंत? मधली सुट्टी कशी देता? जे खरोखर करून पाहिलं असेल ते सांगा.

रानमेवा
मुलगा चौथीत. माझ्या ऑफिसमध्ये बसण्याबद्दल जे शिकवलं होतं तेच घरी केलं. लॅपटॉपखाली स्टँड ठेवला, म्हणजे पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत येते. अंतर हात लांब करून मोजायचं, बोटं पडद्याला टेकली की बरोबर. दर २० मिनिटांनी २० फुटांवर २० सेकंद बघायचं, त्यासाठी टायमर लावलाय. शिवाय निळा प्रकाश अडवणारा चष्मा आणला. मानेची तक्रार नाही. पण तो पुढे सरकत सरकत पडद्याजवळ जातो, ते काही थांबत नाही.

निर्गुडी
मी फिजिओथेरपिस्ट आहे, लहान मुलांबरोबरच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गोदाकाठताई, तुमची मुलगी पाय दुमडून बसते ती खोडी नाही. टेबल उंच पडतंय म्हणून ती स्वतःची उंची वाढवून घेतेय. आपली जेवणाची टेबलं साधारण ७५ सेंमी उंच असतात आणि खुर्ची ४५. १२४ सेंमी उंचीचं मूल त्या खुर्चीत बसलं की कोपर बैठकीपासून साधारण १७ सेंमीवर येतं, म्हणजे जमिनीपासून ६२. टेबल तिथून १३ सेंमी वर. लिहिताना खांदे कानाकडे चढतात, आणि मान दुखते ती बऱ्याचदा यामुळे. पडदा त्यात नंतर येतो.

म्हणून सुरुवात वहीपासून करा. गणिताच्या क्लासमध्ये मूल निम्मा वेळ तरी लिहीत असतं. खुर्चीत बसवा, खांदे सैल सोडायला सांगा, कोपर काटकोनात वाकवा. टेबलाचा पृष्ठभाग कोपराला लागून किंवा दोनेक सेंमी वर असला की झालं. तुमच्या घरी त्यासाठी बैठक १० ते ११ सेंमी वर न्यावी लागेल. खुर्चीच्या पायांखाली विटा मात्र ठेवू नका, मूल वळलं की खुर्ची कलंडते. जी भर घालायची ती बैठकीवरच घाला.

बैठक वर गेली की पाय आणखी लटकतात. त्यामुळे मांडीचा मागचा भाग कडेवर दाबला जातो आणि मूल पुढे घसरतं. ५६ सेंमीच्या बैठकीवर तिच्या पावलांखाली २४ सेंमी उंचीचं काहीतरी लागेल. मोठ्यांच्या खुर्चीची बैठक तिच्या मांडीपेक्षा खोलही असते. पाठ टेकवायला गेली की गुडघे वाकत नाहीत, म्हणून ती टेकतच नाही. पाठीमागे एक घट्ट उशी उभी ठेवा.

हे झाल्यावर पडद्याकडे वळा. आता तिचे डोळे टेबलापासून ३७ सेंमीच्या आसपास असतील. चौदा इंची लॅपटॉप उघडल्यावर वरची कड सुमारे २२ सेंमीवर येते. खाली १० सेंमीचा टेकू दिलात की कड डोळ्यांच्या किंचित खाली राहते, आणि ते मला जास्त पसंत आहे. नजर थोडी खाली असली की पापणी जास्त मिटलेली राहते, डोळे कमी कोरडे पडतात. ती स्वतः टाइप करत असेल तर मात्र उचललेल्या लॅपटॉपचा कीबोर्ड फार वर जातो, मग वेगळा कीबोर्ड जोडावा लागेल.

रानमेवा, अंतर मोजलंत ते कुणाच्या हाताने?

रानमेवा
माझ्या. तीच चूक झाली का?

निर्गुडी
चूक म्हणजे, तुमच्या हाताने सुमारे ७० सेंमी येतं. तेवढ्यावरून फळ्यावरचं बारीक लिखाण दिसत नाही, मग तो पुढे जातो. मुलाच्या स्वतःच्या हाताने मोजा, ५० सेंमीच्या जवळपास येईल, लॅपटॉपला ते पुरतं. त्यातही दिसत नसेल तर आधी अक्षरं मोठी करा. फळा ब्राउझरच्या पानावर उघडत असेल तर `Ctrl` आणि `+` दाबलं की जमतं. क्लासमधली बाकीची तोंडं लपवून फळा एकटाच पिन केला तरी फरक पडतो. अक्षरं मोठी करूनही तो पुढेच झुकत असेल तर डोळे तपासून घ्या, ते खुर्ची हलवून सुटणार नाही.

कृष्णाकाठची आजी
मानेचा त्रास मलाही दोन वर्षं होता. सकाळी भजनाचा ऑनलाइन वर्ग असतो. नातवाने पडदा उंच करून दिला, तर मान आणखी दुखायला लागली. चष्मेवाल्याने सांगितलं, तुमच्या चष्म्यात जवळचं बघायचा भाग खाली आहे, म्हणून पडदा उंच केला की तुम्ही हनुवटी वर करून बघता. पडदा खाली आणला आणि आठवड्यात आराम पडला. तेव्हा गोदाकाठ, पडदा खालीच ठेवावा असं मी सांगेन.

निर्गुडी
आजी, तुमच्या चष्म्यासाठी ते अगदी बरोबर आहे. मुलांच्या चष्म्यात सहसा एकच नंबर असतो, त्यामुळे हा प्रश्न येत नाही. पण हनुवटी वर करून बघणं ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. मूल तसं करत असेल तर पडदा त्याला उंच पडतोय.

पिंपळपार
आमची एकच खोली, टेबल ठेवायला जागाच नाही. मुलगी दुसरीत, क्लास मोबाइलवर. सुरुवातीला चौरंगावर मोबाइल आणि वही ठेवून मांडी घालून बसवत होतो. हात सारखा दुखतो म्हणायची. तुमचं वाचून आज मोजलं. चौरंग ३० सेंमी, आणि मांडी घातल्यावर तिचं कोपर जमिनीपासून १६. म्हणजे तिला कायम हात वर धरून लिहावं लागत होतं. आता दोन पाट एकावर एक ठेवून त्यावर फळी टाकलीय, १७ सेंमी भरतं. चौरंग पलीकडे सरकवला आणि मोबाइल त्यावर डब्याला टेकवून उभा केला. पण मोबाइल हाताच्या अंतरावर ठेवला की तिला आकडे वाचता येत नाहीत, आणि जवळ आणला तर वीतभरच अंतर उरतं. यावर काही उपाय?

रानमेवा
टीव्ही आहे का? आम्ही गावी गेलो की मोबाइलचा पडदा टीव्हीवर टाकतो. सात-आठ फुटांवरूनही सगळं दिसतं.

पिंपळपार
आहे, पण भिंतीवर उंच टांगलेला. आणि त्या वेळी आईंची मालिका असते.

फळा
मी ऑनलाइन शिकवते, म्हणून पलीकडच्या बाजूने सांगते. पिंपळपार, बाईंना विचारा की त्या दिवसाची उदाहरणं आधी पाठवता येतील का. आमच्याकडे मोबाइलवर बसणाऱ्या मुलांचे पालक ती वहीत मोठ्या अक्षरांत उतरवून ठेवतात. मग मूल मोबाइलकडे फक्त ऐकायला आणि अधूनमधून बघायला वळतं, तो दूर असला तरी चालतो.

मधल्या सुट्टीबद्दल एक पाहिलंय. नव्वद मिनिटांच्या तासाला मी ४० मिनिटांनी पाच मिनिटं देते. कॅमेरा चालू राहिला की दिसतं, निम्मी मुलं तिथेच बसून हातात दुसरा मोबाइल घेतात. डोळ्यांना आणि पाठीला त्या पाच मिनिटांचा काडीचा उपयोग होत नाही. मी आता काम देते. पाण्याची बाटली स्वयंपाकघरातून भरून आणा, किंवा खिडकीतून दिसणारी सगळ्यात लांबची वस्तू कोणती ते येऊन सांगा. मुलं धावत जातात. २०२० च्या जुलैत केंद्र सरकारच्या 'प्रज्ञाता' मार्गदर्शक सूचना आल्या होत्या. त्यात पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची दोनच सत्रं सुचवली होती. सलग दीड तास म्हणजे ती सगळी मर्यादा एका दमात संपवणं. क्लासवाले सुट्टी देत नसतील तर तुम्ही मागा. आठ वर्षांचं मूल स्वतः मागत नाही.

रानमेवा, २० सेकंदांच्या टायमरने माझ्या विद्यार्थ्यांचं लक्ष मोडायचं, मधूनच घंटा वाजायची. मी फळा पुसताना "बाहेर बघा" म्हणते, तेवढं पुरतं असं मला वाटतं.

निर्गुडी
२०-२०-२० हा लक्षात ठेवायला सोपा आकडा आहे. बरोबर २० च सेकंद हवेत असं काही नाही, १० फुटांच्या खोलीत २० फूट मिळतही नाहीत. नजर लांब जाणं आणि पापण्या मिटणं महत्त्वाचं, पडद्याकडे बघताना मुलं पापण्या कमी मिटतात. निळ्या चष्म्याचा डोळ्यांच्या थकव्यावर उपयोग होतो असं काही दिसलेलं नाही, पण त्यावर नेत्रतज्ज्ञांनी बोलावं. क्लास नसतो तेव्हा मूल दिवसाउजेडी बाहेर किती खेळतं, ते मी आधी विचारेन.

रानमेवा
चष्मा घातल्यापासून त्याचं डोकं दुखायचं थांबलं, एवढं मी नक्की सांगू शकतो. अर्थात स्टँड आणि टायमरही त्याच आठवड्यात आले होते.

गोदाकाठ
तीन आठवड्यांनी लिहितेय. पहिल्या दिवशी गोधडीची घडी घालून ११ सेंमीची बैठक केली. ती बसली आणि घडी दबून सहावर आली, अर्ध्या तासात पुन्हा पाय दुमडला. मग सुताराकडून प्लायची फळी खुर्चीच्या मापाने कापून आणली. खाली दोन आडव्या पट्ट्या ठोकल्या, वर पातळ गादी टाकली आणि नाडीने खुर्चीला बांधली. माप ती बसल्यावर घेतलं, बरोबर ५६. पायांखाली बाथरूममधलं प्लास्टिकचं बुटकं स्टूल नेमकं बसलं.

पाय दुमडणं दोन-तीन दिवसांत गेलं. मान आता दुखत नाही. पण सहा वाजता ती तोंड वाकडं करून, डोळे बारीक करून बसायची. एक दिवस मीच तिच्या जागी बसले तेव्हा कळलं. मागची पश्चिमेची खिडकी सगळीच्या सगळी पडद्यात दिसत होती, त्या उजेडात फळा वाचताच येत नव्हता. टेबल फिरवून खिडकी डाव्या हाताला घेतली. ती उजव्या हाताने लिहिते, त्यामुळे वहीवर सावलीही पडत नाही.

क्लासच्या ताईंना सुट्टीबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, बाकी पालकांना तास वाया गेल्यासारखं वाटतं. अजून "बघू" म्हणतायत. तोवर सव्वासहाला मी पाणी घेऊन जाते आणि तिला उभं राहून प्यायला लावते. तेवढ्यात एखादं उदाहरण सुटतं. ते रात्री आम्ही दोघी करतो.

पिंपळपार
बाईंनी उदाहरणं पाठवायला सुरुवात केली. मोबाइल आता चौरंगावर, हाताच्या अंतरावर आहे. मांडी घालून पाऊण तासाने तिच्या पायाला मुंग्या येतात, तेव्हा पाय लांब करून भिंतीला टेकून बसते, पण मग लिहिता येत नाही. जमिनीवर बसणाऱ्या मुलांसाठी कुणी काही वेगळं केलंय का?