मदत हवी आहे: उभ्या सिलिंडरचा h प्रयोगात ९.८ येतो, सूत्राने ४.९. चूक नक्की कुठे?

प्रतीक_मेक
नमस्कार. तिसऱ्या वर्षाला आहे, हीट ट्रान्सफर लॅबमधला नॅचरल कन्व्हेक्शनचा प्रयोग अडलाय. पितळेची उभी नळी आहे, बाहेरचा व्यास ३८ मिमी, उंची ५०० मिमी, आत हीटर. नळी एका उभ्या चौकोनी पेटीत बसवलीय, पेटी वर-खाली उघडी आणि समोर ॲक्रिलिक.

डिमरस्टॅट ७० व्होल्टवर ठेवला, करंट ०.५ अँपिअर, म्हणजे ३५ वॅट. अडीच तासांनी सात थर्मोकपल खालून वर असे स्थिरावले: ८०, ८६, ९०, ९३, ९५, ९६, ९०. सरासरी ९०, हवा ३०. क्षेत्रफळ ०.०५९७ चौ. मी. यावरून h = ९.८ वॅट प्रति चौ. मी. प्रति डिग्री.

आता मॅन्युअलमधलं सूत्र:

```
Nu = 0.59 (Gr Pr)^0.25
```

उंची घातली की h येतो ४.९. माझ्या पार्टनरने उंचीऐवजी व्यास घातला, त्याला ९.४ आला आणि 'एरर ४ टक्के' लिहून त्याच्या जर्नलवर सहीसुद्धा झाली. मला ते पटत नाही, पण माझं उत्तर निम्मं का येतं हेही सांगता येत नाही. शुक्रवारी सबमिशन आहे.

विनायक_डी
उभ्या सिलिंडरला उंचीच घ्यायची, व्यास नाही. हवा नळीला धरून खालून वर चढते, तिच्या वाटेची लांबी म्हणजे उंची. पार्टनरचं चूक आहे.
पण तुझं सूत्रही सपाट उभ्या प्लेटचं आहे. नळी बारीक असली की ते लागत नाही. व्यास भागिले उंची हे ३५ भागिले ग्राशॉफच्या चौथ्या मुळापेक्षा मोठं असेल तरच नळीला प्लेट समजता येतं. तुझ्या आकड्यांवर ती अट मोडते, म्हणून h निम्मा येतो. सिलिंडरचं सूत्र वापर, जुळेल.

साखरवाडी
आमच्या कारखान्यात दोन इंची स्टीमची उभी लाइन आहे, सहा मीटर, एका टप्प्यात लॅगिंग निघालंय. तिथे हेच ०.५९ चं सूत्र लावून रोजचं नुकसान काढता येईल का? शेजारी पंप चालू असतो.

मेधा_कुलकर्णी_लॅब
प्रतीक, तू रीडिंग नीट घेतलीस आणि सात आकडे वेगवेगळे लिहिलेस, त्यामुळे बोलायला सोपं जातंय.

आधी विनायकरावांचा मुद्दा. अट मोडते हे अगदी बरोबर. सरासरी तापमान ६० डिग्री धरून हवेचे गुणधर्म घेतले तर उंचीवरचा ग्राशॉफ सुमारे ६.१ × १०^८ येतो, त्याचं चौथं मूळ १५७. म्हणजे नळी किमान ११ सेंमी जाड हवी होती, तुझी ३.८ आहे. हे आकड्यापेक्षा चित्रात लवकर कळतं: नळीच्या वरच्या टोकाला गरम हवेचा थर साधारण १७ मिमी जाड होतो आणि नळीची त्रिज्याच १९ मिमी आहे. थर वाकडा असला की उष्णतेला बाहेर पसरायला जास्त जागा मिळते आणि h वाढतो.

पण तो किती वाढतो? ल फेव्हर आणि ईड यांचं १९५६ चं सूत्र बारीक उभ्या नळीसाठीच आहे. त्याने नुसेल्ट ८५ येतो, h ४.९५. त्यातला वक्रतेचा वाटा पाहा: ८५ पैकी जेमतेम ७. चर्चिल आणि चू यांच्या प्लेटच्या सूत्राने h ४.३ येतो, त्यावर वक्रतेची दुरुस्ती सुमारे १५ टक्के, पुन्हा ५ च्या आसपास. ०.५९ चं सूत्र मुळात प्लेटला थोडं जास्त देतं, म्हणून तुझा ४.९ योगायोगाने बरोबर जागी पडला. वक्रतेने पंधरा टक्के सुटतात, दुप्पट नाही.

मग उरलेलं? ४.९५ ने कन्व्हेक्शनची उष्णता १७.७ वॅट. तू दिलेस ३५. नळी ९० डिग्रीला आहे, समोरचं सगळं ३० ला. ती पूर्ण काळी असती तर रेडिएशननेच ३० वॅट गेले असते. जुनी, काळवंडलेली पितळ त्याच्या निम्मं सहज टाकते. तू काढलेला ९.८ हा दोन्हींचा मिळून आहे. पार्टनरचा ९.४ त्याच्याशी जुळला हा निव्वळ आकड्यांचा अपघात. नळी दुप्पट उंच केली तर त्याचा h तसाच राहील, खऱ्या नळीचा उतरेल. तुझी रीडिंगच सांगतात: खाली ८०, वर ९६. वर थर जाड झाला, उष्णता सुटायला जड गेली. सातवं ९० वर आलं ते टोकाकडून उष्णता निसटते म्हणून.

विनायक_डी
मेधाताई, मान्य. पण एमिसिव्हिटी माहीत नसताना ०.५ धरणं म्हणजे उत्तर पाहून गणित सोडवणं नाही का?

मेधा_कुलकर्णी_लॅब
बरोबर आहे, म्हणून धरायची नाही, मोजायची. प्रतीक, नळीला स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल घट्ट गुंडाळ, चमकती बाजू बाहेर. मग व्होल्टेज कमी करत सरासरी पुन्हा ९० वर आण. तापमान तेच, म्हणून कन्व्हेक्शन तेच. वॅट जितके कमी झाले तितकं रेडिएशन अडलं. पंखा बंद ठेव, दारही लाव.

प्रतीक_मेक
काल दुपारी केलं. फॉइलसकट ९० वर यायला ५५ व्होल्ट, ०.३९ अँपिअर पुरले, म्हणजे २१.५ वॅट. हवा ३० च होती. आधी ३५, म्हणजे १३.५ वॅट नुसत्या फॉइलने अडले! फॉइलची एमिसिव्हिटी ०.०५ धरली तर पितळेची ०.५ येते. पहिल्या रनमधून ०.५ चे १५.१ वॅट वजा केले की कन्व्हेक्शनला १९.९ उरतात, h ५.६. सूत्राचा ४.९५. अजून सुमारे दोन वॅट जास्त आहेत.

मेधा_कुलकर्णी_लॅब
छान केलंस. फॉइलखाली हवेची फट राहिली तर बाहेरचा पृष्ठभाग एखादी डिग्री थंड असतो, तेवढी चूक धर. दोन वॅटपैकी काही टोकांच्या बुशमधून जातात. काही पेटीमुळेही असतील, कारण वर-खाली उघडी पेटी धुराड्यासारखी हवा ओढते आणि मग ती खऱ्या अर्थाने स्थिर राहत नाही. कशाचा वाटा किती, हे या रीडिंगवरून वेगळं काढता येणार नाही. समोरचं ॲक्रिलिक काढून एक रन घे, फरक दिसला तर पेटीचा.

साखरवाडी, तुमची लाइन उंच आहे, तिथे प्रवाह टर्ब्युलंट होतो, ०.५९ चालणार नाही. तिथे रॅले नंबरचं घनमूळ येतं आणि h उंचीवर अवलंबून राहत नाही. पण पंपाच्या पंख्याची हवा नळीवर येत असेल तर स्थिर हवेचं कुठलंच सूत्र लावू नका. उघडा टप्पा किती लांब आणि पंप किती अंतरावर, ते सांगा.

विनायक_डी
माझं एक म्हणणं अजून आहे. सात रीडिंगची साधी सरासरी घेणं कितपत योग्य? टोकाचं ९० वगळलं तरी सरासरी ९० च येते हे इथे नशीब. दुसऱ्या वॅटेजला तसं होईलच असं नाही.

प्रतीक_मेक
सर, ४० व्होल्टला उद्या करून पाहतो, ॲक्रिलिक काढूनही. रीडिंग इथेच टाकतो.