मदत हवी आहे: धनत्रयोदशीच्या गर्दीत बिलाचा प्रिंटर मध्येच बंद पडतोय (ठाणे)

गौरी_जांभळीनाका (सायं. ६:४५)

नमस्कार. जांभळी नाक्यावर आमचं भांड्यांचं दुकान आहे. आज धनत्रयोदशी, आमच्या धंद्यातली वर्षाची सगळ्यात मोठी संध्याकाळ. कोपिनेश्वर मंदिराच्या बाजूने रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही, आणि नेमका आज बिलाचा प्रिंटर बसलाय.

प्रिंटर जुना आहे, तीन इंची रोलचा, थर्मल. बिल सुरू होतं, वरची दोन-तीन बोटं छापून होतात आणि थांबतं. थोड्या वेळाने आपोआप परत सुरू होतं, पण मग कागदावर कसलीही चिन्हं, इंग्रजी अक्षरं, नुसता कचरा हातभर येत राहतो. रोल बदलून पाहिला, यूएसबी केबल बदलली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. काही फरक नाही.

बाबा पुस्तकावर हाताने बिलं लिहितायत. पितळ-तांबं वजनावर, स्टील नगावर, वर नाव घालायची मजुरी वेगळी. एकेका बिलाला इतका वेळ जातोय की लोक हातातला माल परत ठेवून निघून जातायत. बाबांचा चेहरा बघवत नाही. दुरुस्तीवाला फोन उचलत नाहीये. आजची रात्र निभावेल असं काही असेल तर कृपया सांगा.

विनय७२

शाई संपत आली की असंच होतं. आमच्या घरच्या प्रिंटरलाही दिवाळीच्या तोंडावरच काट्रिज भरून आणावं लागलं. स्टेशनजवळ लगेच भरून देतात.

गौरी_जांभळीनाका

काका, यात शाई नसते, गरम होऊन कागदच काळा होतो. तरी धन्यवाद.

प्रसाद_घोडबंदर

हेड तापलंय. दुपारपासून सलग बिलं काढताय ना? जुन्या प्रिंटरचं हेड ठरावीक गरमीच्या वर गेलं की तो स्वतःच थांबतो. पंधरा मिनिटं बंद ठेवा, वर छोटा पंखा लावा.

ऐरोलीचा_मिस्त्री

गौरीताई, मी बिलिंगची यंत्रं दुरुस्त करतो. हेड तापून प्रिंटर थांबतो हे प्रसादभाऊंचं बरोबर आहे, पण तेव्हा तो फक्त थांबतो. निवला की जिथे थांबला तिथूनच पुढे छापतो, कचरा काढत नाही. म्हणून आधी हे बघून सांगा:

थांबताना पॉवरचा दिवा क्षणभर विझतो का? आणि परत सुरू होताना, बटण दाबून चालू केल्यावर कटरचा जो खट् आवाज येतो, तो येतो का?

प्रत्येक बिल एकाच जागी तुटतं का?

आणि प्रिंटर बंद करा, फीडचं बटण दाबून धरा, तसंच धरून चालू करा आणि सोडा. बहुतेक प्रिंटर स्वतःची चाचणी छापतात. ती पूर्ण येते का?

गौरी_जांभळीनाका (सायं. ७:०५)

दिवा विझतो, हो! लक्षच गेलं नव्हतं. खट् आवाजही येतो. चाचणीचा कागद पूर्ण आला, अगदी स्वच्छ.

जागा एकच. सगळ्यात वर चित्र आहे, त्याच्या काळ्या भागात तुटतं. बिलिंगच्या सॉफ्टवेअरवाल्या मुलाने आज दुपारी येऊन दिवाळीचं चित्र टाकून दिलं होतं, काळ्या पट्ट्यावर पांढऱ्या अक्षरात ‘शुभ दीपावली’ आणि दोन्ही बाजूंना पणत्या. आधी नुसतं दुकानाचं नाव यायचं.

प्रसाददादांनी सांगितलं तसं थोडा वेळ बंद ठेवून पाहिलं. पहिलंच बिल त्याच जागी तुटलं.

किरण_नौपाडा

चाचणी नीट आली म्हणजे प्रिंटर ठणठणीत आहे. ड्रायव्हर काढून पुन्हा टाका.

ऐरोलीचा_मिस्त्री

किरण, आज ड्रायव्हरला हात लावायला सांगू नका, उगाच अर्धा तास जाईल. चाचणीच्या कागदावर जवळजवळ सगळी अक्षरंच असतात. अक्षरांची ओळ छापताना बराचसा कागद पांढरा राहतो.

ताई, तुमच्या प्रिंटरच्या हेडमध्ये आडव्या रेषेत ५७६ बारीक ठिपके असतील, तीन इंची यंत्रात सहसा तेवढेच असतात. जो ठिपका काळा हवा तेवढाच तापतो. अक्षरांच्या ओळीत थोडेच तापतात, काळ्या पट्ट्यात जवळजवळ सगळे, ओळीमागून ओळ. तेवढ्या वेळापुरती अॅडॅप्टरकडून होणारी मागणी कितीतरी पटींनी वाढते. अॅडॅप्टर जुना झाला की आतले कॅपॅसिटर सुकतात. रोजचं बिल तो ओढून नेतो, काळा पट्टा आला की त्याचा व्होल्टेज कोसळतो. प्रिंटर विझतो, ओझं गेल्यावर व्होल्टेज परत येतो आणि प्रिंटर नव्याने जागा होतो.

कचऱ्याचं कारणही तेच. कॉम्प्युटरकडून चित्राची उरलेली माहिती येतच असते. नव्याने जागा झालेल्या प्रिंटरला आपण चित्र छापत होतो हे ठाऊक नसतं, म्हणून तो तीच माहिती अक्षरं समजून छापत सुटतो.

आता एवढंच करा. बिलाच्या सेटिंगमधून ते चित्र काढा. छपाईचा गडदपणा कमी करायची सोय दिसली तर एक पायरी खाली आणा. आणि आत अडकून पडलेली जुनी बिलं आधी साफ करा, नाहीतर चित्र काढल्यावरही तीच पहिली बाहेर येतील. कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून एकेक ओळ द्या:

```
net stop spooler
del /Q /F %systemroot%\System32\spool\PRINTERS\*.*
net start spooler
```

हे करताना प्रिंटर बंद ठेवा, शेवटच्या ओळीनंतर चालू करा.

प्रसाद_घोडबंदर

मग वीजच कमी पडत असेल ना? भांड्यांच्या दुकानात नाव कोरायचं मशीन असतं. ते याच बोर्डावर असेल तर आधी काढा.

नेरूळची_सुनीता

मध्येच विचारते, माफ करा. आमच्या पोळीभाजी केंद्रातल्या बिलावर वरपासून खालपर्यंत एक पांढरी उभी रेष येते. हाही अॅडॅप्टरच का?

गौरी_जांभळीनाका (सायं. ७:३०)

चाललं!! चित्र काढलं, ती तीन वाक्यं भावाने टाईप केली, आणि पहिलं बिल पूर्ण बाहेर आलं. त्यामागून रांगेतल्या गिऱ्हाइकांची बिलंही नीट येतायत. बाबांनी पेन खिशाला लावलं. नाव घालायचं मशीन याच बोर्डावर होतं, तेही दुसरीकडे लावलं. मिस्त्रीदादा, तुमचे उपकार कसे मानू. आता खाली जाते, रात्री लिहिते.

ऐरोलीचा_मिस्त्री

जा, गिऱ्हाईक बघा.

सुनीताताई, तुमचं दुखणं वेगळं. उभी रेष म्हणजे हेडचा एखादा ठिपका तापत नाही किंवा त्यावर मळ बसलाय. प्रिंटर बंद करून हेड निवू द्या. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन हेडची रेष हलक्या हाताने पुसा आणि पूर्ण वाळल्यावरच चालू करा. सुरी, टाचणी काही लावू नका. पुसूनही रेष तिथेच राहिली तर तो ठिपका गेला, तो पुसून परत येत नाही.

गौरी_जांभळीनाका (रात्री ११:२०)

आत्ता शटर ओढलं. एक-दोन बिलं मध्येच तुटली, बाकी सगळी नीट निघाली.

भावाने मल्टिमीटर लावला. अॅडॅप्टरवर 24V 2.5A लिहिलंय आणि मीटर 24.1 दाखवतोय. मग अॅडॅप्टर चांगलाच म्हणायचा का?

आणि बाबांनी हाताने लिहिलेल्या बिलांचं काय करायचं? तेवढ्या वेळात कॉम्प्युटरवरही काही बिलांना नंबर पडलेत, पण कागद कचराच आला.

ऐरोलीचा_मिस्त्री

मीटरने तुम्ही मोकळा अॅडॅप्टर मोजलाय. ओझं नसताना सुकलेला अॅडॅप्टरही पूर्ण 24 दाखवतो. छापताना मोजलं तरी ती बुडी इतकी क्षणिक असते की साध्या मीटरवर ती दिसेलच असं नाही. खात्री एकाच गोष्टीने होते, दुसरा अॅडॅप्टर लावून तेच चित्र छापून बघणे. शेजारी कोणाकडे असाच प्रिंटर असेल तर पाच मिनिटं मागून घ्या. लावण्याआधी 24 व्होल्ट आहे का आणि पिनची रचना तीच आहे का ते दोन्ही लेबलं शेजारी धरून बघा. तीन पिनांचा गोल प्लग दिसायला सारखा असून आतली जोडणी वेगळी असू शकते. कॅमेऱ्याचा 12 चा किंवा लॅपटॉपचा 19 चा अजिबात लावू नका. आणि भावाला सांगा, जुना अॅडॅप्टर उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये झटका देण्याइतका विजेचा साठा राहू शकतो.

हिशेबनीस_पाचपाखाडी

गौरी, मी कर सल्लागाराच्या कार्यालयात काम करते. हाताची बिलं पूर्ण वैध आहेत. जीएसटीत बिलांच्या एकाहून जास्त मालिका चालतात, फक्त प्रत्येक मालिकेत क्रमांक सलग हवेत आणि एक क्रमांक १६ अक्षरांच्या आत हवा. बाबांच्या पुस्तकाला वेगळी मालिका द्या, समजा ‘ह’ऐवजी इंग्रजी एच लावून, आणि सॉफ्टवेअरमध्ये विक्री चढवताना त्याच क्रमांकाने चढवा. त्याच मालाला कॉम्प्युटरचा नवा नंबर देऊ नका, विक्री दुप्पट दिसेल. ज्या बिलांचे कागद कचरा आले, त्यातल्या कोणत्या गिऱ्हाइकाला बाबांनी पुन्हा हाताने बिल दिलं ते उद्याच लावून घ्या आणि कॉम्प्युटरवरचं बिल रद्द म्हणून दाखवा, पुसू नका. चार दिवसांनी कोणाला आठवणार नाही.

२०० रुपयांच्या आतली किरकोळ विक्री असेल, गिऱ्हाईक नोंदणीकृत नसेल आणि त्याने बिल मागितलं नसेल, तर तेवढ्या विक्रीचं दिवसअखेर एकच एकत्र बिल करता येतं. चमचे-झारे घेणाऱ्यांपैकी बरेच त्यात बसतील.

गौरी_जांभळीनाका (दुसऱ्या दिवशी, दुपारी)

शेजारच्या औषधांच्या दुकानात याच मॉडेलचा प्रिंटर आहे. त्यांचा अॅडॅप्टर आणून लावला आणि मुद्दाम तेच काळ्या पट्ट्याचं चित्र छापलं. पणत्यांसकट पूर्ण आलं, परत छापलं तरी आलं. आमचा अॅडॅप्टर लावला की पट्ट्यात दिवा विझतो. म्हणजे दोष अॅडॅप्टरचाच.

एक कळलं नाही. काल चित्र काढल्यावरही जी एक-दोन बिलं तुटली, ती मशीन वेगळ्या बोर्डावर लावल्यावर तुटली की आधी, हे गर्दीत कोणालाच आठवत नाही.

प्रसाद_घोडबंदर

आधीच तुटली असणार. मी म्हटलं होतं, मशीन नडत होतं.

ऐरोलीचा_मिस्त्री

नडत असेलही. अॅडॅप्टर काठावर आला असला की शेजारच्या यंत्राचा धक्का पुरतो. किंवा त्या बिलांत माल जास्त होता आणि बिल लांब होतं. तुमच्या मालाची नावं मराठीत असतील तर सॉफ्टवेअर बहुधा अख्खं बिलच चित्र म्हणून पाठवतं, कारण जुन्या प्रिंटरमध्ये देवनागरी अक्षरं नसतात. त्यामुळे कचराही तसाच येणार. आता दोन्हीतलं कोणतं ते सांगता येणार नाही. नव्या अॅडॅप्टरवर एकदा मशीन त्याच बोर्डावर लावून बघा.

गौरी_जांभळीनाका

अॅडॅप्टर पाडव्यानंतर मिळेल म्हणाले. तोवर चित्राशिवाय आणि मशीन लांब ठेवूनच चालवतो. आला की दोन्ही लावून बघते आणि इथे लिहिते. हाताच्या बिलांची यादी बाबा आणि मी आज रात्री लावतोय.

नेरूळची_सुनीता

पुसून बघितलं. रेष बारीक झाली, पण आहे. उद्या परत पुसू का?